स्वतः, एकट्यानं की आपोआप? ‘बाय युवरसेल्फ’ मराठीत आणताना

ऑपरेशन झालेल्या पेशंटला घरी सोडताना हातात द्यायच्या पत्रकाचा अनुवाद माझ्याकडे आला होता. इंग्रजी मजकूर जेमतेम पाऊण पान. तासाभराचं काम, असं धरून मी बसले. पहिलंच वाक्य होतं, ‘डोन्ट गेट आउट ऑफ बेड बाय युवरसेल्फ.’ मी लिहिलं, ‘स्वतःहून पलंगावरून उठू नका.’ पुढचंही असंच भराभर झालं.

संध्याकाळी ते शेजारच्या आजींना वाचून दाखवलं. आमचं घर कोल्हापुरात गंगावेशीकडं, आणि आजींचं सगळं आयुष्य त्याच गल्लीत गेलेलं. पहिल्या वाक्यालाच त्यांनी मला थांबवलं. “म्हंजे कुणी ऊठ म्हटल्याबिगर उठायचंच न्हाई व्हय? आन् रातचं लघवीला लागलं तर?”

आजींचं बरोबर होतं. ‘स्वतःहून’ म्हणजे कुणी न सांगता, आपल्या इच्छेनं. इंग्रजी वाक्याला तसं म्हणायचंच नव्हतं. पेशंटनं उठावं, हवं तेव्हा उठावं, फक्त उठताना शेजारी कुणीतरी असावं, एवढंच सांगायचं होतं. माझ्या मराठीनं परवानगीचा प्रश्न उभा केला आणि पडण्याची भीती गायब झाली.

अनुवादाला नव्यानं सुरुवात केलेल्या सगळ्यांची गाडी इथं अडते, कारण शाळेत आपण ‘सेल्फ म्हणजे स्वतः’ एवढंच पाठ केलेलं असतं. म्हणून तेच पत्रक समोर ठेवून, मी आता हे काम कसं करते ते सांगते.

आधी शब्द झाकून बघा

इंग्रजी वाक्यातल्या ‘सेल्फ’वाल्या शब्दावर अंगठा ठेवा आणि उरलेलं वाक्य वाचा. ‘द सर्जन हिमसेल्फ विल सी यू’ यातलं हिमसेल्फ झाकलं तरी वाक्य उभं राहतं. म्हणजे तो शब्द नुसता जोर द्यायला आलाय. ‘ही ब्लेम्स हिमसेल्फ’ यातलं झाकलं तर वाक्य लंगडं होतं, दोष कुणाला देतो तेच कळत नाही. तिथं तो क्रियापदाचं कर्म आहे. आणि त्याच्या आधी ‘बाय’ असेल, किंवा ‘ऑन युवर ओन’ असा जोड असेल, तर ती तिसरीच जात. ती रीत सांगते: एकट्यानं, मदतीशिवाय, न विचारता वगैरे.

या तीन जातींना मराठीत तीन वेगळ्या वाटा आहेत. चूक बहुतेक वेळा इथंच होते. आपण तिघांनाही एकाच वाटेनं नेतो.

क्रियापदाला चिकटलेलं सेल्फ बहुधा गाळायचं

पत्रकात होतं, ‘वॉश युवरसेल्फ सीटेड.’ माझं पहिलं मराठी: ‘बसून स्वतःला धुवा.’ हे वाचताना मलाच हसू आलं. मराठीत माणूस अंघोळ करतो, धुतात ते कपडे आणि म्हशी. बरोबर वाक्य साधं आहे: ‘स्टुलावर बसून अंघोळ करा.’ तसंच ‘डोन्ट स्ट्रेन युवरसेल्फ’ म्हणजे ‘जोर लावू नका’. ‘इफ यू हर्ट युवरसेल्फ’ म्हणजे ‘कुठं लागलं तर’. या मराठी वाक्यांत सेल्फचा मागमूस नाही आणि तो नसल्यानं काही अडतही नाही, कारण अंघोळ, दाढी, वेणी, कपडे घालणं, लागणं, खरचटणं या गोष्टी आपल्याच अंगाशी होतात हे मराठी क्रियापद गृहीतच धरतं.

‘हेल्प युवरसेल्फ’चं तर विचारूच नका. पंगतीत तांबडा-पांढरा समोर असताना कोल्हापूरकर पाहुण्याला म्हणतो, “घ्या की, लाजताय काय!” तिथं ‘स्वतःची मदत करा’ लिहिलं तर पाहुणा भांबावून जाईल.

मग ‘स्वतःला’ कधी ठेवायचं? मी माझ्यापुरती एक खूण ठरवलीये. काम अंगाचं असेल तर गाळते. बघण्याचं, समजण्याचं, दोष देण्याचं, सावरण्याचं असेल तर ठेवते. ‘स्वतःला दोष देऊ नका’, ‘स्वतःला फार शहाणा समजतो’, ‘तिनं स्वतःला सावरलं’. इथं माणसाचे जणू दोन भाग होतात, एक बघणारा आणि एक बघितला जाणारा, आणि ते दोन्ही वाक्यात दिसावे लागतात.

मधली एक वाट मराठीनं खास करून ठेवलीये. ती म्हणजे ‘घेणे’. ‘पोअर युवरसेल्फ सम वॉटर’ याला ‘पाणी ओतून घे’. ‘मेक युवरसेल्फ सम टी’ याला ‘चहा करून घे’. ओतून दे म्हटलं की पाणी दुसऱ्यासाठी, ओतून घे म्हटलं की आपल्यासाठी. सेल्फचं सगळं काम ‘घे’ या एका अक्षरानं केलं. नव्या अनुवादकांच्या मराठीत हे ‘घेणे’ फार कमी दिसतं, कारण इंग्रजीत त्याच्या जोडीचा शब्दच दिसत नाही, मग ते सुचत नाही.

पण त्यात एक खड्डा आहे. ‘करून घेणे’ याचा अर्थ दुसऱ्याकडून करवून घेणं असाही होतो. ‘त्यानं केस कापून घेतले’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सलूनच येतं. खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं म्हणतो तेव्हाही तेच. त्यामुळं पत्रकात ‘ड्रेसिंग बदलून घ्या’ असं लिहिलं, तर घरी बदलायचं की दवाखान्यात येऊन, हे कळत नाही. तिथं उघडपणे सांगावं लागतं: ‘ड्रेसिंग घरी बदलू नका, त्यासाठी दवाखान्यात या.’

‘बाय युवरसेल्फ’ला चार प्रश्न विचारा

खरा गुंता इथं आहे, म्हणून जरा निवांत बघू. ‘बाय’ किंवा ‘ऑन युवर ओन’ आलं की मी वाक्याला चार प्रश्न विचारते. सोबत कुणी नाही, असं म्हणायचंय का? मदत नाही, असं म्हणायचंय का? कुणी सांगितलेलं किंवा कुणाला विचारलेलं नाही, असं? की कुणी काही न करता ते घडतं, असं?

पहिल्याचं उत्तर हो असेल तर शब्द ‘एकटा’. ‘डझ शी लिव्ह बाय हरसेल्फ?’ म्हणजे ‘ती एकटीच राहते का?’ ‘ती स्वतः राहते का?’ असं विचारलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, घर भाड्यानं दिलंय की तिथं तीच राहते, असं विचारताय.

दुसऱ्यासाठी, म्हणजे मदतीशिवाय केलेल्या कामासाठी, बोलीत एक सुरेख जोडी आहे: माझं मी, तुझं तू, त्याचं तो. ‘आय कॅन मॅनेज ऑन माय ओन’ याला ‘मी स्वतः व्यवस्थापन करू शकतो’ नव्हे. ‘माझं मी बघतो’. कोल्हापुरात हे दिवसातून दहा वेळा कानावर पडतं, जरा रागात म्हटलं की “तुझं तू बघ जा.” जोडीतला पहिला शब्द प्रसंगाप्रमाणं बदलतो. यायचं-जायचं असेल तर तो करणाऱ्याशी जुळतो: मुलगा ‘माझा मी आलो’ म्हणतो, मुलगी ‘माझी मी आले’, आणि सगळे मिळून ‘आमचे आम्ही आलो’. करायचं काही काम असेल तर बहुधा ‘माझं मी करतो’ असा नपुंसकलिंगी राहतो, कारण तिथं ‘माझं’ म्हणजे माझं जे काही आहे ते. नियम पाठ करण्यापेक्षा मोठ्यानं म्हणून बघा, जीभ अडली की चूक कळते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘माझं मी’ला किंचित तुटकपणाचा वास आहे. ‘तिनं तिचं तिनं केलं’ यात कौतुक असू शकतं, पण ‘तुमचं तुम्ही करा’ असं पत्रकात छापलं तर दवाखाना हात झटकतोय असं वाटतं. तिथं ‘कुणाची मदत न घेता करता येईल’ असं लांब लिहिलेलं बरं.

तिसऱ्या प्रश्नाला दोन पोटभाग आहेत आणि ते वेगळे ठेवायला मला बराच काळ लागला. पत्रकात एके ठिकाणी होतं की दुखायला लागलं तर नर्सनं विचारायची वाट बघू नका, तुम्हीच सांगा. इथं कुणी सांगायच्या आधी केलेली चांगली गोष्ट आहे. तिला ‘आपणहून’ किंवा ‘स्वतःहून’: ‘दुखत असेल तर आपणहून सांगा.’ दुसरीकडं होतं, ‘डोन्ट स्टॉप द टॅब्लेट्स ऑन युवर ओन.’ इथं ‘ऑन युवर ओन’ म्हणजे डॉक्टरांना न विचारता, आगाऊपणानं. याला मराठीत ‘मनानं’ हा नेमका शब्द आहे: ‘गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.’ आई पोराला “मनानं काहीतरी करून ठेवू नको” म्हणते तोच हा ‘मनानं’. ‘स्वतःहून’ला शाबासकी मिळते, ‘मनानं’ला बोलणी बसतात. दोन्हींना इंग्रजी एकाच शब्दानं सांगतं, म्हणून वाक्याचा सूर बघूनच निवडावं लागतं.

चौथा प्रश्न सोपा. टाके, दरवाजा, दिवा, पडद्यावरची खिडकी अशा निर्जीव गोष्टी ‘बाय इटसेल्फ’ काही करत असतील तर ‘आपोआप’. ‘टाके आपोआप विरघळतील, काढावे लागत नाहीत.’ माणसाच्या बाबतीतही ‘आपोआप’ येतं, पण प्रयत्नाशिवाय घडलेल्या गोष्टीला: ‘आठवड्यात आपोआप चालायला लागाल.’ आधी मी ‘टाके स्वतः विरघळतील’ लिहिलं होतं. जणू टाक्यांनी तशी जबाबदारी घेतलीये.

आता पहिल्या वाक्याकडं परत. ‘डोन्ट गेट आउट ऑफ बेड बाय युवरसेल्फ.’ चार प्रश्न विचारल्यावर उत्तर येतं: सोबत कुणी नसताना. म्हणजे ‘एकट्यानं उठू नका’. पण हे पत्रक बायकांच्याही हातात जाणार, आणि बाईला ‘एकटीनं’ म्हणायला पाहिजे. ‘एकट्यानं/एकटीनं’ अशी तिरकी रेघ मला आवडत नाही, मोठ्यानं वाचताना ती कशी वाचायची? म्हणून शब्दच बदलला: ‘सोबत कुणी असल्याशिवाय पलंगावरून उठू नका. हाक मारा, आधार घ्या, मग उठा.’ इंग्रजी एका वाक्याची मराठी दोन वाक्यं झाली. तेवढी जागा कागदावर होती. जागा नसती तर ‘आधाराशिवाय उठू नका’ एवढ्यावर भागवलं असतं, फक्त त्यात एक धोका राहतो: काही जण भिंतीचा आधार घेऊन एकटेच उठतील.

जोर द्यायचा तर कशावर?

‘मी स्वतः बघितलं’ आणि ‘मीच बघितलं’ यांत फरक आहे. पहिल्यात ऐकीव नाही, माझ्या डोळ्यांनी, असा दावा. दुसऱ्यात दुसऱ्या कुणी नाही, मी. ‘आय सॉ इट मायसेल्फ’ याला बहुतेक वेळा पहिलं बरोबर. ‘आय ब्रोक इट मायसेल्फ’ अशी कबुली असेल तर ‘मीच फोडला’. कुणाला वगळायचंय की खात्री द्यायचीये, एवढं ठरवलं की ‘च’ आणि ‘स्वतः’ यांतली निवड होते. आणि ‘च’ शब्दाला चिकटूनच लिहायचा, मध्ये जागा सोडायची नाही.

हुद्द्यासाठी ‘खुद्द’ आहे. ‘कुस्त्या बघायला खुद्द महाराज आले’ यात एवढा मोठा माणूस आला याचं अप्रूप आहे. पत्रकातल्या सर्जनसाठी दवाखान्याकडून सुचवलेला शब्द ‘जातीनं’ होता: ‘तिसऱ्या दिवशी सर्जन जातीनं तपासतील.’ ‘जातीनं लक्ष घालणं’ ही मुरलेली मराठी आहे, मला आवडतेही. पण तपासण्याच्या शेजारी तो शब्द छापला की वाचणाऱ्याला क्षणभर भलतीच जात आठवते. मी ‘सर्जन स्वतः येऊन तपासतील’ ठेवलं.

‘आपण’ कोण, ते बघून घ्या

या पत्रकातला सगळ्यात मोठा घोळ इथं होता. नातेवाइकांसाठी एक ओळ होती, की पेशंटला त्याचं त्याला जेवू द्या, भरवू नका. मी सगळं पत्रक ‘आपण’ वापरून आदरानं लिहिलं होतं: आपण औषध वेळेवर द्यावे, आपण खोलीत गर्दी करू नये. त्याच ओघात लिहिलं, ‘रुग्णाला आपल्या हाताने जेवू द्यावे.’

कुणाच्या हातानं? माझ्या मनात रुग्णाच्या. वाचणाऱ्याच्या मनात ‘आपण’ म्हणजे तो स्वतः, कारण वरच्या दोन ओळींत तोच होता. म्हणजे घास भरवा! नेमकं उलटं.

मराठीतला ‘आपण’ तीन कामं करतो. तो समोरच्याला मान देतो, ऐकणाऱ्याला आपल्यात घेतो (‘आपण रंकाळ्यावर जाऊया’), आणि आधी आलेल्या माणसाकडं परत बोट दाखवतो (‘त्याला वाटलं, आपण चुकलो’). एका कागदावर पहिलं काम दिलं असेल तर तिसरं त्याच शब्दाकडून करून घेऊ नका. मी सगळीकडचं ‘आपण’ काढून ‘तुम्ही’ केलं आणि ती ओळ अशी झाली: ‘पेशंटला त्याच्या हातानं जेवू द्या, तुम्ही भरवू नका.’ दुसऱ्या तुकड्यामुळं शंकेला जागाच राहिली नाही.

गोष्टीच्या अनुवादात मात्र तिसरं काम फार कामाचं आहे. ‘रमेशनं सुरेशला त्याच्या गाडीतून सोडलं’ यात गाडी कुणाची ते कळत नाही. ‘आपल्या गाडीतून’ म्हटलं की ती रमेशचीच. इंग्रजीत ‘हिज ओन कार’ दिसलं की हे आठवावं. पण ‘मी’ आणि ‘तू’ असेल तर मराठी ‘आपला’कडं जात नाही. ‘मी माझी गाडी काढली’ हेच मराठी. ‘मी आपली गाडी काढली’ हे हिंदीच्या वळणावर गेलेलं, किंवा मग गाडी दोघांची. आणि ‘मी आपला गप्प बसलो’ यातला ‘आपला’ वेगळाच, त्याचा सेल्फशी संबंध नाही. तो फक्त सांगतो की काही विशेष नाही, बिचारा गप्प बसला.

संवाद असतील तर आणखी एक. इथल्या कितीतरी बायका सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पात्र कोल्हापूरचं असेल आणि तिच्या तोंडी ‘माय ओन’चं वाक्य असेल, तर ‘माझं मी बघतो’ ही छपाईची चूक नाही. संपादकाला ते आधीच कळवून ठेवा, नाहीतर तो ‘बघते’ करून मोकळा होतो.

छापायला देण्याआधी

पत्रक पूर्ण झालं की फाइलमध्ये ‘स्वतः’ शोधा आणि सापडलेल्या प्रत्येकापाशी थांबा. माझ्या पहिल्या खर्ड्यात पाऊण पानात सहा होते. शेवटी एकच उरला, सर्जनचा. प्रत्येकापाशी विचारायचं एवढंच, की हा काढला तर मराठी वाचकाला काही कमी पडेल का?

शोधताना एक गंमत होते. विसर्गाऐवजी बरेच जण कीबोर्डवरचा अपूर्णविरामाचा ठिपका-ठिपका दाबतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ती दोन वेगळी चिन्हं आहेत, त्यामुळं शोधताना निम्मे शब्द सापडतच नाहीत. डीटीपीवाल्याकडून परत आलेल्या फाइलमध्ये हे हमखास असतं. म्हणून ‘स्वत’ एवढंच टाइप करून शोधा, दोन्ही प्रकार हाती लागतात. मग ‘स्वतंत्र’ही येतात, ते सोडून द्यायचे.

त्यानंतर वाचून दाखवा, आणि इंग्रजी न येणाऱ्याला दाखवा. इंग्रजी येणारा माणूस तुमचं मराठी वाचताना मनात परत इंग्रजी करतो आणि “बरोबर आहे की” म्हणतो. ऐकणाऱ्याला “कळलं का?” असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. “आता काय करशील ते सांग” असं विचारा.

आजींना मी दुसऱ्यांदा वाचून दाखवलं तेव्हा असंच विचारलं. उठायचं असेल तर काय कराल? “सुनंला हाक मारीन.” गोळ्या कडू लागल्या तर? “डॉक्टरला इचारल्याबिगर सोडायच्या न्हाईत.” टाक्यांच्या ओळीला मात्र त्या अडल्या. ‘विरघळतील’ त्यांना पटेना, दोरा कसा विरघळंल म्हणाल्या. तो प्रश्न सेल्फचा नव्हता, पण मी त्या ओळीत ‘हा दोरा खास असतो’ एवढं घालून पत्रक दुसऱ्या दिवशी पाठवून दिलं.